राजीनामा खुशाल द्या, पण आधी मिनिट्स दुरुस्त करा

वाचकाचं पत्र (आकडे आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात)

"मॅडम, मी बँकेतून रिटायर झालोय, सोलापुरातच राहतो. इथल्या एका टॉवेल बनवणाऱ्या लिस्टेड कंपनीत चार वर्षं इंडिपेंडंट डायरेक्टर आहे, ऑडिट कमिटीतही आहे. एमडी माझे कॉलेजपासूनचे मित्र, त्यांच्याच शब्दावर बोर्डावर आलो. गेल्या पंधरवड्यात बोर्डानं पुणे हायवेला चिंचोळी एमआयडीसीच्या पुढं आठ एकर एनए जमीन १४ कोटींना घ्यायचं ठरवलं. जमीन एका भागीदारी फर्मची, आणि पार्टनर कोण तर एमडींचा मुलगा आणि सून. व्हॅल्युएशन एकच, तेही फर्मनंच करून घेतलेलं. मी कमिटीत आणि बोर्डात दोन्हीकडं बोललो, पण 'तुमचा मुद्दा लक्षात घेऊ' म्हणून विषय पुढं गेला. कंपनी सेक्रेटरी, म्हणजे सीएस, म्हणाला टर्नओव्हर २४० कोटी, त्याचे दहा टक्के २४ कोटी, आपण त्याच्या आत आहोत म्हणून शेअरहोल्डर्सकडं जायची गरज नाही. परवा मिटिंगच्या इतिवृत्ताचा मसुदा, म्हणजे ड्राफ्ट मिनिट्स आले, त्यात 'चर्चेअंती एकमताने मंजूर' असं लिहिलंय. मला आता यातून सुटायचंय. 'वैयक्तिक कारणास्तव' असा दोन ओळींचा राजीनामा टाईप करून ठेवलाय. भांडण नको, गावात रोज एकमेकांना तोंड दाखवायचंय. पाठवून देऊ का?"

उत्तर

नमस्कार. मिनिट्सचा मुद्दा थांबणारा नव्हता म्हणून तेवढं तुम्हाला आधीच मेलवर कळवलं, पण तुमच्यासारख्या जागी बसलेले बरेच जण हे सदर वाचतात म्हणून इथं सविस्तर लिहिते. मी बरीच वर्षं कंपनी सेक्रेटरीचं काम केलंय, मिनिट्स लिहिण्यातच आयुष्य गेलं म्हणा, त्यामुळं तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा मला ते 'एकमताने' जास्त टोचलं.

आधी एक विचारते. राजीनामा दिला की सुटलो, हे तुम्ही कशावरून धरून चाललाय? कंपनी कायद्याच्या कलम १६८ मध्येच लिहिलंय की डायरेक्टरनं राजीनामा दिला तरी त्याच्या कार्यकाळात जे घडलं त्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. आणि इंडिपेंडंट डायरेक्टरला जे संरक्षण आहे ते कलम १४९ च्या बाराव्या उपकलमात आहे. त्याचा सरळ अर्थ असा की जी गोष्ट तुमच्या माहितीत, बोर्डाच्या कामकाजातून तुमच्यापर्यंत आली आणि जिला तुमची संमती होती किंवा जिच्यात तुम्ही पुरेशी दक्षता घेतली नाही, तिच्यासाठी तुम्ही जबाबदार. आता तुमची संमती होती की नव्हती हे तीन वर्षांनी कुणी तपासायला आलं तर तो काय बघणार? तुम्ही काय बोलला होता हे कुणालाच आठवणार नाही, आठवलं तरी कुणी सांगणार नाही. तो मिनिट्स बुक बघणार, आणि तिथं 'एकमताने' लिहिलेलं असेल. त्याच्या मागोमाग तुमचा 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा. म्हणजे मंजुरीही तुमची आणि तक्रारही काही नाही.

सत्यमचं उदाहरण तुम्ही बँकेत असताना पेपरात वाचलंच असेल. १६ डिसेंबर २००८ ला त्यांच्या बोर्डानं प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या साधारण १.६ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. त्या मिटिंगमध्ये स्वतंत्र संचालकांनी प्रश्न विचारले होते, शंका काढल्या होत्या, पण ठराव मात्र एकमतानं झाला. गुंतवणूकदार भडकले, काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला, आणि मग महिना संपायच्या आत स्वतंत्र संचालकांचे राजीनामे सुरू झाले. त्यातल्या एका संचालिकेनं तर विरोधी मत दिलं नाही याची नैतिक जबाबदारी घेऊन पद सोडलं. प्रश्न विचारणं आणि विरोधात मत देणं यात केवढं अंतर असतं ते तिथं दिसलं.

तर तुमचं पहिलं काम मिनिट्स. बोर्ड मिटिंगसाठी जे सेक्रेटरियल स्टँडर्ड-१ आहे त्याप्रमाणं मिटिंग संपल्यापासून १५ दिवसांत ड्राफ्ट सगळ्या डायरेक्टरांकडं जायला पाहिजे आणि तो पाठवल्यापासून ७ दिवसांत तुम्ही लेखी हरकत कळवायची. ७ दिवस गप्प बसलात तर तुम्हाला ते मान्य आहेत असंच धरलं जातं. कमिटीच्या मिनिट्सनाही हेच लागू. आणि कलम ११८ म्हणतं की बोर्डाच्या प्रत्येक ठरावाला ज्या डायरेक्टरांनी विरोध केला किंवा सहमती दिली नाही त्यांची नावं मिनिट्समध्ये आलीच पाहिजेत. त्यामुळं सीएसकडं तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात, एवढं लक्षात ठेवा.

मेल कसा लिहायचा? छोटा. इंग्रजीत लिहाल, पण मजकूर साधारण असा ठेवा: "अमुक तारखेच्या ऑडिट कमिटीच्या व बोर्डाच्या ड्राफ्ट मिनिट्समधील जमीन खरेदीच्या विषयात 'एकमताने' हा उल्लेख बरोबर नाही. दोन्ही बैठकांत मी तीन मुद्दे मांडले होते: विक्रेत्या फर्मनेच नेमलेल्या व्हॅल्युअरचा एकच अहवाल, जमिनीची आत्ताच गरज का याचं टिपण नाही, आणि शेअरहोल्डर्सच्या मंजुरीबाबत लेखी मत नाही. या मुद्द्यांची उत्तरे न मिळाल्याने माझी या ठरावाला सहमती नाही. तशी नोंद माझ्या नावासह करावी." झालं. यातले जे मुद्दे तुम्ही खरंच मांडलेत तेवढेच ठेवा. आरोप नाही, विशेषणं नाहीत. सीएस आणि चेअरमन दोघांना, आणि कॉपीत बाकीचे सगळे डायरेक्टर. स्वतःला पण कॉपी ठेवा, तीही तुमच्या खाजगी मेलवर नको, बोर्ड पेपर्स जिथं येतात तिथंच, नाहीतर उद्या गोपनीय माहिती बाहेर नेली असं कुणी म्हणायला नको.

इथं एक प्रामाणिक अडचण आहे. तुम्ही 'बोललो' लिहिलंय, 'विरोधात मत दिलं' असं लिहिलेलं नाही. चेअरमननी शेवटी "सगळ्यांना मान्य ना?" विचारलं तेव्हा तुम्ही काय केलंत? गप्प बसला असाल तर मेलमध्ये "मी विरोधी मत दिलं" असं लिहू नका, ते खोटं ठरेल आणि बाकीचे सगळे एका बाजूला होतील. म्हणूनच वर "सहमती नाही" असं लिहिलंय, कारण मुद्द्यांना उत्तर मिळालं नव्हतं हे खरंच आहे. चेअरमननी नोंद करायचं नाकारलं तरी हा मेल मुदतीत गेलेला आहे हे राहतंच.

आता सीएसच्या हिशोबाकडं येऊ, कारण माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक तिथं आहे आणि तुम्ही ती तशीच मान्य करून बसलाय. २४ कोटींचा हिशोब बरोबर आहे, पण तो सेबीच्या लिस्टेड कंपन्यांसाठीच्या, म्हणजे एलओडीआर, नियमांचा. तिथं तुमच्या आकाराच्या कंपनीला व्यवहार 'मटेरियल', म्हणजे शेअरहोल्डर्सकडं न्यावा लागेल एवढा मोठा, ठरायला टर्नओव्हरचे दहा टक्के लागतात, आणि १४ कोटी त्याच्या आत आहेत, ठीक. पण कंपनी कायद्याचं कलम १८८ हे वेगळं दार आहे. त्याच्या नियम १५ मध्ये प्रॉपर्टी खरेदी-विक्रीसाठी टर्नओव्हर बघतच नाहीत, नेटवर्थ बघतात. तुम्ही सोबत ताळेबंदाचं पान पाठवलंत त्यात नेटवर्थ ९० कोटी दिसतंय. दहा टक्के म्हणजे ९ कोटी. १४ कोटी ९ कोटींच्या वर आहेत, म्हणजे शेअरहोल्डर्सचा ठराव लागतो, आणि त्यात या सौद्याशी संबंधित असलेल्या सभासदाला मत देता येत नाही.

यावर उत्तर काय येणार तेही सांगते, कारण मी ते खूप वेळा ऐकलंय: "हा आर्म्स लेंथ व्यवहार आहे, म्हणून १८८ लागू नाही." सूट आहे हे खरं, पण तिला दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. भाव परक्या माणसाशी ठरला असता तसाच पाहिजे, आणि व्यवहार कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातला पाहिजे. सूत घेणं, टॉवेल विकणं हा तुमच्या कंपनीचा नेहमीचा धंदा झाला. आठ एकर जमीन घेणं हा टॉवेल कंपनीचा नेहमीचा धंदा कसा होईल? म्हणजे भाव अगदी चोख असला तरी माझ्या वाचनाप्रमाणं सूट मिळत नाही. मुलगा आणि सून दोघंही कायद्याच्या व्याख्येत 'नातेवाईक' आहेत आणि नातेवाईक पार्टनर असलेली फर्म ही रिलेटेड पार्टी, म्हणजे संबंधित पक्ष, त्यातही पळवाट नाही. मंजुरीशिवाय करार केला आणि तीन महिन्यांत तो कायम करून घेतला नाही तर तो रद्द करता येतो, आणि लिस्टेड कंपनीत असा करार मंजूर करणाऱ्या डायरेक्टरला २५ लाखांचा दंड आहे. मंजूर करणाऱ्यांत सध्या कागदोपत्री तुम्हीही आहात. शिवाय एलओडीआरप्रमाणं ऑडिट कमिटीत असे व्यवहार फक्त इंडिपेंडंट सदस्यच मंजूर करतात, म्हणजे त्या मंजुरीत तुमचा वाटा बोर्डावरच्या कुठल्याही दुसऱ्या डायरेक्टरपेक्षा मोठा आहे.

अजून एक, एमडी त्या विषयाच्या वेळी खोलीत होते का हे तुम्ही लिहिलेलं नाही. हितसंबंध असलेल्या डायरेक्टरनं त्या चर्चेला हजर राहायचं नसतं. चहा घेत तिथंच बसले असतील तर तेही मेलमध्ये एका ओळीत येऊ द्या.

भावाबद्दल. सौदा महागडा आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही, आणि तुम्हीही पत्रात म्हणू नका. पण बघायला तर हरकत नाही. नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमधून त्या गटाचा इंडेक्स-टू निघतो, फर्मनं ती जमीन कधी आणि कितीला घेतली ते त्यात कळेल. सोबत त्या गावचा रेडी रेकनरचा दर आणि आजूबाजूच्या गेल्या वर्षभरातल्या दोन-चार खरेदीखतांचे इंडेक्स-टू काढा. समजा फर्मनं दोन वर्षांपूर्वी एकरी ५५ लाखांनी घेतली असेल आणि आता कंपनीला एकरी पावणेदोन कोटींनी पडत असेल, तर त्यातून लगेच गैरव्यवहार सिद्ध होत नाही, मधल्या काळात एनए झालं असेल, रस्ता आला असेल. पण तिप्पट कशानं झालं हा प्रश्न मग कुणालाच टाळता येत नाही. त्याचं उत्तर द्यायला कंपनीनं स्वतः नेमलेला नोंदणीकृत व्हॅल्युअर पाहिजे. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट चारमधल्या आचारसंहितेप्रमाणं इंडिपेंडंट डायरेक्टरला गरज पडली तर बाहेरच्या तज्ज्ञाचं मत कंपनीच्या खर्चानं मागता येतं. चार वर्षांत तुम्ही हे कधी मागितलंय का? बहुतेक जण मागत नाहीत, मित्राच्या कंपनीत तर नाहीच.

मग राजीनामा द्यायचा की नाही? माझं मत सरळ सांगते: आज नको. खरेदीखत अजून झालेलं नाही. तुम्ही आज गेलात तर खोलीतला प्रश्न विचारणारा एकटा माणूस गेला, रिकामी जागा तीन महिन्यांत भरायची असते, ती भरतील, आणि सौदा होता तसाच होईल. मिनिट्सच्या मेलनंतर लगेच दुसरा मेल टाका, त्यात दोनच मागण्या: कलम १८८ लागू होतं की नाही यावर बाहेरच्या वकिलाचं किंवा सीएसचं लेखी मत, आणि कंपनीनं नेमलेल्या व्हॅल्युअरचा दुसरा अहवाल, आणि तोपर्यंत करारावर सही नको. उत्तराला तारीख द्या, दहा दिवस पुष्कळ झाले. बाकीच्या इंडिपेंडंट डायरेक्टरांशी वेगळं बसा, स्वतंत्र संचालकांना अशी वेगळी बैठक घेता येते, वर्षातून एकदा तर घ्यावीच लागते. कोण सांगावं, त्यातला एखादा तुमच्यासारखाच घरी जाऊन अस्वस्थ झालेला असेल.

त्यांनी विषय शेअरहोल्डर्सकडं नेला तर तुमचं काम झालं. मग राहायचं की नाही हे शांतपणे ठरवा. पण उत्तरच आलं नाही, किंवा मिनिट्स दुरुस्त न करता तसेच सही झाले, किंवा तुम्हाला कागद द्यायचंच बंद केलं, तर मग थांबू नका. कागद मिळत नसतील तर दहा दिवस पण थांबू नका, कारण माहिती नसताना खुर्चीत बसून राहणं हीच सगळ्यात वाईट जागा.

आणि त्या वेळी 'वैयक्तिक कारणास्तव' लिहू नका. कारण काय ते ऐका. लिस्टेड कंपनीत इंडिपेंडंट डायरेक्टरनं राजीनामा दिला की त्याचं पत्र, सविस्तर कारणांसकट, कंपनीला ७ दिवसांच्या आत स्टॉक एक्स्चेंजला जाहीर करावं लागतं, आणि त्याच्यासोबत तुम्हाला एक खात्री द्यावी लागते की पत्रात दिलेल्या कारणांशिवाय दुसरं कुठलंही महत्त्वाचं कारण नाही. म्हणजे तुम्ही तब्येतीचं किंवा घरचं कारण लिहून खाली ही खात्री सही केली तर ते चक्क खोटं विधान, तुमच्या नावानं, एक्स्चेंजच्या साईटवर. भांडण टाळायला म्हणून केलेली गोष्ट तुमच्याच गळ्यात येणार.

पत्र चार परिच्छेदांचं पुरे. पहिल्यात पद, तारीख आणि राजीनामा कधीपासून ते. राजीनामा कंपनीला मिळाला ती तारीख किंवा तुम्ही पत्रात दिलेली तारीख, यातली जी नंतरची तेव्हापासून तो लागू होतो, म्हणून तारीख घालाच. दुसऱ्यात कारण, म्हणजे असं: "अमुक तारखेच्या बैठकीत मंजूर झालेल्या संबंधित पक्षाकडून जमीन खरेदीच्या प्रस्तावावर मी सहमती दिलेली नाही. स्वतंत्र व्हॅल्युएशन आणि कलम १८८ खालील सभासदांच्या मंजुरीबाबत मी अमुक व अमुक तारखेला लेखी मागणी केली. आजपर्यंत समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. अशा स्थितीत माझं कर्तव्य पार पाडणं मला शक्य वाटत नाही." तिसऱ्यात ती खात्री. चौथ्यात तुम्ही दुसऱ्या लिस्टेड कंपन्यांत डायरेक्टर असाल तर त्यांची नावं आणि कमिट्या, कारण तेही कंपनीला सोबत जाहीर करायचं असतं. 'लूट', 'फसवणूक', 'कुटुंबाचा स्वार्थ' यातला एकही शब्द नको, जे कागदावर दाखवता येतं तेवढंच. आणि एक्स्चेंजवर यायच्या आधी ते पत्र कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, पत्रकार मित्राला तर अजिबात नको. शेअरच्या भावावर परिणाम करणारी न छापलेली माहिती तुमच्या हातून बाहेर गेली तर आरोपी तुम्ही व्हाल.

मित्राचं काय, हा प्रश्न तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत टाकलाय पण मला वाटतं पत्र लिहायचं खरं कारण तोच आहे. सोलापूर लहान गाव, नवी पेठेत भेटतील, लग्नात शेजारी बसावं लागेल, गड्ड्याच्या यात्रेत समोर येतील. म्हणून माझा आग्रह आहे की पहिला मेल पाठवायच्या आधी तुम्ही त्यांच्याकडं जा, एकटे, आणि सांगा की उद्या मी असा मेल टाकतोय, कारण तुम्ही मला याच कामासाठी बसवलंय. परवानगी मागू नका, सौद्यावर वाटाघाटी पण करू नका, फक्त त्यांना ते सीएसकडून कळू देऊ नका. आणि हेही सांगा की शेअरहोल्डर्सच्या मंजुरीनं झालेली खरेदी उद्या त्यांच्या मुलाच्याच उपयोगाची आहे, कारण रद्द होऊ शकणारा करार त्यालाही नकोच असणार. ते रागावतील, कदाचित बरेच दिवस बोलणार नाहीत. तेवढं सोसावं लागेल, त्याला माझ्याकडं उपाय नाही. पण न सांगता 'वैयक्तिक कारण' लिहून निघून गेलात तरी त्यांना खरं कारण कळणारच आहे, आणि वर तुम्ही तोंडावर बोलला नाहीत हेही.

राजीनाम्यानंतरची दोन कामं. कंपनी ३० दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडं DIR-12 फॉर्म भरेल, पण तुम्ही स्वतः DIR-11 फॉर्म भरून राजीनाम्याची प्रत कारणांसकट त्यांच्याकडं पाठवा, त्यालाही मुदत ३० दिवसांचीच. २०१८ पासून ते ऐच्छिक झालंय म्हणून लोक टाळतात, तुम्ही टाळू नका. तुमची डिजिटल सही चालू आहे का ते आत्ताच बघून ठेवा, बहुतेकांची ऐन वेळी संपलेली निघते. आणि तुमच्या काळातल्या मिटिंग्जच्या सही झालेल्या मिनिट्सची प्रत पद सोडल्यानंतरही मागायचा तुम्हाला हक्क आहे, ती मागा आणि तुमची नोंद आली का ते वाचून बघा.

ज्या वाचकांची कंपनी लिस्टेड नाही, साधी पब्लिक लिमिटेड आहे, त्यांच्यासाठी: एक्स्चेंजला पत्र जाहीर करणं आणि ती खात्री तुम्हाला लागू नाही, पण १८८, मिनिट्स आणि ७ दिवसांची मुदत लागू आहेच. तुमचं पत्र तर कुठंच छापून येणार नाही, त्यामुळं तुमच्या कारणांची तुम्ही स्वतः केलेली नोंद रजिस्ट्रारकडं राहते ती DIR-11 मधूनच.